अठरा शब्दांत सिस्टरचं पुस्तक

मी आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं कापत आले. नांदेडच्या एका दैनिकाची रविवार पुरवणी माझ्याकडे होती. पुरवणी म्हणजे चार पानं. त्यात एक पान पाककृती आणि राशिभविष्याचं, एक पान जाहिरातींचं, आणि उरलेल्या दोनात साहित्य, संस्कृती, शेती, आरोग्य आणि मालकांच्या मेहुण्याच्या कविता. मेहुण्याच्या कविता कापायला मनाई होती. बाकी सगळ्यांवर माझी कात्री चालायची, आणि मला त्याचा लई गुर्मीचा अभिमान होता, हे आधीच कबूल करून टाकते.

पुस्तक-परीक्षणांना पूर्वी अर्धं पान असायचं. मग कागद महागला आणि मालकांना साक्षात्कार झाला की परीक्षणं कुणी वाचतच न्हाई. त्यांनी फर्मान काढलं: परीक्षण पूर्ण वेबसाइटवर टाका, पुरवणीत फक्त चौकट. चौकटीत पुस्तकाचं नाव, प्रकार आणि एका ओळीत मत. जास्तीत जास्त अठरा शब्द. 'बाई, लोकांना घ्यायचं का न्हाई घ्यायचं, एवढंच सांगा,' असं ते म्हणाले. स्वतः त्यांनी शेवटचं पुस्तक शाळेत वाचलेलं, तेही मार्कांसाठी.

तर दर आठवड्याला तीन-चार परीक्षणं यायची, एकेक दीड-दोन हजार शब्दांचं, आणि मी त्यांचा अठरा शब्दांत चुराडा करायची. त्याला माझी एक युक्ती होती. ती कुणी विचारली असती तर मी सांगितली नसती, पण आता निवृत्त झालेय, कुणाच्या बापाला भिते!

मराठी परीक्षणाची एक ठरलेली तऱ्हा असते. पहिला परिच्छेद परीक्षकाचा स्वतःचा: पुस्तक हाती आलं तेव्हा ते आजारी होते की प्रवासात, ते कळतं. दुसऱ्यात त्या साहित्यप्रकाराचा इतिहास, ज्याचा पुस्तकाशी संबंध असेलच असं न्हाई. मग मोठा लांबलचक मधला भाग. आणि शेवटचा परिच्छेद म्हणजे हळदीकुंकू: मुखपृष्ठ समर्पक, काही ठिकाणी पुनरुक्ती जाणवते, मुद्रणदोष टाळता आले असते, पुढील लेखनास शुभेच्छा. मी काय करायची? पहिल्या परिच्छेदावरून प्रकार घ्यायची, शेवटच्यावरून मत घ्यायची, दोघांची सांगड घालून ओळ तयार. सात मिनिटांत एक पुस्तक. मधल्या भागात कुणी काय दळलंय ते बघायला वेळ कुणाला होता?

ओळीत 'वाचनीय' आणि 'मात्र' हे दोन शब्द टाकले की समतोल आला असं मी धरून चालायची. एक बरं, एक वाईट, झालं. कुणी तक्रार करत नसे. लेखकांना 'वाचनीय' दिसे, परीक्षकांना 'मात्र' दिसे, आणि दोघंही खूश.

मग सिस्टरचं पुस्तक आलं.

मुखेडजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात सगळी नोकरी काढलेल्या नर्सबाई. जन्म नायगावचा, घरात शिकलेली ही पहिलीच मुलगी. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, लातूरच्या एका छोट्या छापखान्यात स्वतःच छापून घेतल्या. सगळा तालुका त्यांना सिस्टर म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणते. परीक्षण लिहिलं होतं लातूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी. हे सर अजून फूलस्केप कागदावर निळ्या शाईत लिहायचे आणि पानांचे फोटो काढून मोबाईलवर पाठवायचे. अकरा पानं, त्यातली चार उलटी. मान वाकडी करून वाचायचं म्हणजे मानेची वाट लागायची. मी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, आणि लिहून टाकलं:

'खेड्यातल्या नर्सचे प्रांजळ, वाचनीय अनुभवकथन. मात्र पुनरुक्ती आणि मुद्रणदोष टाळता आले असते तर अधिक परिणामकारक झाले असते.'

सतरा शब्द. एक शब्द वाचवला म्हणून मी वर चहा मागवला.

रविवारी छापून आलं. सोमवारी सकाळी सरांचा फोन. सर रागावले की त्यांचं मराठी फार शुद्ध होतं.

'बाई, ते परीक्षण कोणाचं आहे?'

'तुमचंच की सर. खाली नाव आहे तुमचं.'

'माझं नाव आहे. मत माझं नाही. आपण ते वाचलंत का?'

'सर, असं काय विचारता! वाचल्याशिवाय कसं लिहिणार?'

'कोणतं पान वाचलंत?' असं विचारून त्यांनी फोन ठेवला. मला राग आला. म्हातारपणी माणसं किरकिरी होतात, असं मी शेजारच्या टेबलावरच्या क्रीडावाल्याला म्हणाले. तो म्हणाला, 'सोडा हो, खेळाच्या बातम्यांत असं होत न्हाई. स्कोअर म्हणजे स्कोअर.' मला ते फार पटलं होतं त्या दिवशी.

मंगळवारी दुपारी ऑफिसात एक बाई आल्या. पांढरीशुभ्र साडी, हातात कापडी पिशवी, पायात घट्ट बांधलेले सॅंडल. भरपूर चाललेल्या माणसाचे पाय मला लगेच ओळखू येतात. 'जय भीम ताई,' त्या म्हणाल्या. 'पुरवणीचं तुम्हीच बघता का?'

मी म्हणाले, 'हाव, बसा.' मनात म्हटलं, आली भांडायला.

भांडण वगैरे काही न्हाई. त्यांनी पिशवीतून माझ्या चौकटीचं कात्रण काढलं, नीट घडी घातलेलं. मग आपल्या पुस्तकाची एक प्रत काढली. 'ताई, दुसऱ्या बारीला छापून राहिलो आपण. पहिल्या प्रती संपल्या. आमच्या नर्सेसनीच घेतल्या बहुतेक, पण संपल्या. उद्या अकराला लातूरला छापखान्यात फाइल उघडणार हाय मालक. त्याच्या आत तुम्ही जे लिहिलंय ते सगळं दुरुस्त करावं म्हणते. तुम्ही शिकलेली माणसं. हे बघा, बरोबर काढलंय का?'

मी प्रत उघडली. प्रत्येक प्रकरण एका बाळंतपणाचं, आणि प्रत्येकाच्या शेवटी सिस्टरनी लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. सरळ, पट्टीनं. पाच-सहा प्रकरणं चाळली, सगळीकडे तेच वाक्य कापलेलं. घरी आले, हातपाय धुतले, रजिस्टर उघडलं, मग मुलगा किंवा मुलगी, वजन अमुक, आई बरी.

'हे प्रत्येक वेळी येतं ना,' सिस्टर म्हणाल्या. 'बत्तीस बार मोजलं मी. पुनरुक्ती म्हणजे हेच असणार. लेकीनं मला शब्दाचा अर्थ बघून सांगितला. लाज वाटली हो ताई. बत्तीस बार एकच वाक्य! लोक काय म्हणाले असतील.'

'तुम्ही सरांचं पूर्ण परीक्षण वाचलंत का? वेबसाइटवर आहे.'

'लेकीनं ते उघडलं होतं. तिथं माझं राशिभविष्य निघालं. प्रवास टाळा म्हणून लिहिलं होतं.'

आमच्या वेबसाइटचं हे असंच होतं. मी मोबाईल काढला, सरांची पानं उघडली आणि सिस्टरसमोर पहिल्यांदा मधली पानं वाचायला लागले. त्यातली उलटी पानं मी मोबाईल फिरवून वाचत होते आणि मोबाईल आपला पुन्हापुन्हा सरळ होत होता. सिस्टर आशेनं माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

पाचव्या पानावर सरांनी लिहिलं होतं: 'हे वाक्य लेखिका बत्तीस वेळा लिहिते. पहिल्या चार-पाच वेळा मी कंटाळलो. दहाव्या वेळेपासून मला भीती वाटू लागली. प्रकरण संपत आले की मी श्वास धरून बसे: शेवटी "आई बरी" हे दोन शब्द येतात की नाही? एवढ्या साध्या दोन शब्दांसाठी वाचकाला असे बसवून ठेवणारे पुस्तक माझ्या वाचनात अलीकडे आलेले नाही.'

माझ्या कानशिलात कुणीतरी लावल्यासारखं झालं. पुनरुक्तीची तक्रार शेवटच्या पानावर होती खरी, पण ती कशाबद्दल? एका ओढ्यावरच्या पुलाचं वर्णन दोन प्रकरणांत तेच आलंय, एवढीच. एका पुलाबद्दल! आणि मी ती सबंध पुस्तकाच्या मानेवर ठेवली होती. अकरा पानांत दोन ओळींचं दुखणं, आणि माझ्या ओळीत त्यानं निम्म्याहून जास्त जागा खाल्लेली. समतोल म्हणे! मी एका पारड्यात हत्ती आणि दुसऱ्यात हळदीकुंकू टाकून दोन्ही सारखी दाखवली होती.

'सिस्टर,' मी म्हणाले, 'काहीही काढायचं न्हाई. एक अक्षर काढायचं न्हाई. सरांना तेच सगळ्यात आवडलंय. ओळ मी चुकीची लिहिली.'

त्या हसल्या. समजूतदारपणे हसल्या, रोग्यानं 'मला काहीच झालं न्हाई' म्हटल्यावर नर्स हसते तसं. 'ताई, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिल्या. पेपरात छापलेलं चूक कसं असंल?'

मी त्यांना मोबाईल दाखवला तर सरांचं निळ्या शाईचं अक्षर त्यांना लागेना. मला स्वतःलाच अर्धं लागत होतं. बरं, बुधवारी अकरा वाजता छापखान्यात त्या बत्तीस वाक्यांचे गळे कापायला निघालेल्या. पट्टीनं रेघा मारणारी बाई, ती काय माझ्या तोंडी सांगण्यावर थांबणार होती? मी म्हणाले, 'उद्या मी येते तुमच्याबरोबर लातूरला. आधी सरांच्या घरी जाऊ. त्यांच्या तोंडून ऐका. मग छापखान्यात काय करायचं ते करा.'

त्या रात्री त्या लेकीकडे राहिल्या आणि मी मालकांना फोन करून आजारी पडले. खोटं बोलले, कबूल.

सकाळच्या एसटीत आम्ही अर्ध्या तिकिटात खिडकीजवळची जागा पटकावली. ऑफिसमधल्या पोरीकडून मी सरांची अकरा पानं मोठ्या अक्षरात टाइप करून आणली होती, सगळी सरळ. सिस्टरनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर सरांचा गुडघा दुखत होता, त्यावर सिस्टरनी मला गुडघ्याला काय लावावं ते सांगितलं. दुसऱ्या पानावरचा इतिहास त्यांनी मुकाट्यानं वाचला. पाचव्या पानाशी, लोहा मागे पडत असताना, त्या थांबल्या, परत वाचलं, आणि पदराने चष्मा पुसला. 'खरंच लिहिलंय हो,' त्या म्हणाल्या. 'मला वाटलं तुम्ही बनवून सांगून राहिल्या.' लहान मुलीसारखा चेहरा झाला होता. मला एवढं हलकं वाटलं की मी चिवड्याची पुडी फोडली.

माझा चिवडा संपायच्या आत त्या आठव्या पानावर पोचल्या. आठवं पान मीही नीट वाचलेलं नव्हतं. पाचव्यानंतर मला हवं ते मिळालं होतं, मग पुढं कशाला वाचा? माझी खोड एका दिवसात थोडीच जाणार होती.

आठव्या पानावर सरांनी लिहिलं होतं: 'तेहेतिसाव्या ठिकाणी हे वाक्य येत नाही. तिथे चार छोटी वाक्ये आहेत: बाजाराचा दिवस होता. जीप उशिरा आली. बाई गेली. मूल वाचले. एरवी साडीचा रंग आणि उंबऱ्याची उंची सांगणारी ही लेखिका इथे सरकारी अहवालासारखी बोलते आणि निघून जाते. माझा या पुस्तकावर खरा आक्षेप एकच आहे, आणि तो हा.'

सिस्टरनी पानं जुळवली, मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. अहमदपूरला बस थांबली तेव्हा मी चहा विचारला. 'नको,' एवढंच बोलल्या. 

सरांचं घर लातूरच्या जुन्या भागात दुसऱ्या मजल्यावर. जिने चढताना सिस्टर पुढे, मी धापा टाकत मागे. सरांनी दार उघडलं, सिस्टरना नमस्कार केला, मला केला न्हाई. बरोबरच होतं. मग आत जाऊन स्वतः चहा करून आणला, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा.

'सर, माझं चुकलं,' मी म्हणाले. 'मी मधलं वाचलंच न्हाई. शेवटच्या पानावरून मत उचललं. पण तुम्हीही जरा सांगा, तुम्ही शेवटी ते मुद्रणदोषांचं वळण घेता कशाला? सगळं चांगलं लिहिता आणि बाहेर पडताना पायपुसण्यावर पाय पुसता!'

सर ओशाळले. 'सवय आहे, बाई. आमच्या काळी दोष दाखवल्याशिवाय परीक्षकाला कुणी मोजत नसे. पूल मी उगाचच टाकला. पुलाचं दोनदा वर्णन आलं तर काय मोठं झालं, माणसं त्यावरून रोजच जातात.' आणि मग सिस्टरकडे वळून म्हणाले, 'बाई, ते वाक्य काढू नका. तुमचं पुस्तक त्या वाक्यावर उभं आहे.'

सिस्टरनी मान हलवली. 'बरं, न्हाई काढत.' संपलं. ज्यासाठी मी खोटी आजारी पडून इथपर्यंत आले होते ते एका मिनिटात झालं. पण मला ओळ दुरुस्त करायची होती. पुढच्या रविवारी चौकटीत नवी ओळ छापायची, मालक काय म्हणतील ते म्हणोत. मी पेन काढलं आणि तिथेच, सरांच्या खाटेवर बसून, लिहायला लागले.

पहिल्या खेपेला मी लिहिलं, 'उत्कृष्ट भाषा, पण एका प्रसंगात कमी पडणारं पुस्तक.' सरांनी वाचून कागद परत दिला. 'हे निम्मंनिम्मं झालं. मी दहा पानं आवडल्याचं लिहिलं आणि एक पान आक्षेपाचं. तुमच्या ओळीत दोघं शेजारी शेजारी सारख्याच खुर्चीवर बसलेत. आणि कशात उत्कृष्ट? हे तुम्ही आमच्या इथल्या दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाबद्दल लिहू शकाल.'

'वाचनीय' लिहिलं तर ते म्हणाले, 'छापलंय म्हणजे वाचता येतंच की.' मी तो शब्द खोडला. इतकी वर्षं त्याच शब्दावर पोट भरलेलं, पोटावरच पाय दिल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या खेपेला मी आक्षेप गाळला. खरं सांगते, मुद्दाम गाळला. सिस्टर समोर बसल्या होत्या आणि त्यांचा चहा तसाच गार होऊन साय धरत होता. मी यांना एकदा दुखावलं होतं, आता पुन्हा कशाला? मी लिहिलं, 'आई बरी हे दोन शब्द बत्तीसदा वाचूनही श्वास रोखून धरायला लावणारं, मनाला भिडणारं पुस्तक.' सर म्हणाले, 'छान आहे. पण ही जाहिरात आहे. जो हे वाचून पुस्तक घेईल तो तेहेतिसाव्या प्रकरणाशी येऊन म्हणेल, परीक्षकाला हे दिसलं न्हाई? ओळ वाचून माणसाला पुस्तक घ्यावंसं वाटलं पाहिजे, आणि घेतल्यावर त्याची फसवणूक झाली असंही वाटलं नको. दोन्ही जमलं तर ओळ झाली.' तावातावानं बोलता बोलता सर 'न्हाई' म्हणायला लागले होते, म्हणजे राग उतरला होता.

'सर, पण त्यांच्या गावात लोक वाचतील,' मी हळूच म्हणाले. 'त्या बाईच्या घरचे लोकही असतील तिथं. अठरा शब्दांत पेपरात छापून यायचं हे? राहू द्या ना. तेवढं सोडून देऊ. एवढा समतोल कुणाला हवाय?'

सिस्टरनी गार चहाचा कप बाजूला सारला. 'मला हवाय.'

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघायला लागलो.

'ताई, गेल्या रविवारी तुम्ही सरांचं अर्धंच छापलं. त्याच्यानं मी बत्तीस ठिकाणी रेघा मारल्या. आता परत अर्धं छापणार? चांगलं-चांगलं तेवढंच?' आवाज मोठा नव्हता, पण मला एकदम त्यांच्या उपकेंद्रातल्या बायका आठवल्या, म्हणजे पुस्तकातल्या, ज्यांना सिस्टर 'पाय खाली सोड अन् गप झोप' म्हणायच्या. 'सरांनी जे लिहिलंय ते लिवा. मी वाचलंय बसमध्ये. ते खरं हाय.'

सरांनी खाली बघितलं. मला माझीच लाज वाटली, आणि पहिल्यांदा एका ओळीची भीतीही वाटली. सात मिनिटांत पुस्तकं उडवणारी मी, त्या दिवशी सरांच्या खाटेवर दीड तास बसले होते. 'लपवते' लिहिलं, सर म्हणाले, लपवलेलं न्हाई, चार वाक्यं आहेत की. 'कमी पडते' लिहिलं, ते मास्तरांच्या शेऱ्यासारखं वाटलं. 'मात्र' लिहिलं आणि स्वतःच खोडलं, त्या शब्दाचा मला वीट आला होता. त्याच्या जागी 'फक्त' लिहिलं, कारण आक्षेप एकच होता आणि एकच दिसायला हवा होता. शेवटी हे राहिलं:

'"आई बरी" बत्तीसदा वाचूनही श्वास रोखून धरायला लावणारं पुस्तक. फक्त जिथं आई वाचली नाही तिथं लेखिका थांबत नाही.'

बरोबर अठरा शब्द. सरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, 'हे माझं परीक्षण आहे.' मग सिस्टरना दिलं. त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचलं आणि कागद मला परत देताना विचारलं, 'थांबत न्हाई म्हणजे, थांबायला पाहिजे होतं, असंच ना?'

'हाव,' मी म्हणाले.

छापखान्यात पोचायला आम्हाला एक वाजला. मालक वैतागून बसला होता. अकराची वेळ दिली होती, फाइल उघडी, पोरगं मशीनजवळ उभं. 'बोला सिस्टर, कोणतं कोणतं काढायचं?' त्यानं विचारलं. 'तुम्ही फोनवर बत्तीस दुरुस्त्या म्हणला होता.'

'काही काढायचं न्हाई,' सिस्टर म्हणाल्या. 'एक घालायचंय.'

'घालायचंय? किती पानं?'

'माहीत न्हाई. अजून लिहिलं न्हाई.'

'मग कधी देणार?'

'आत्ता बसते,' त्या म्हणाल्या. 'पेन आहे का ताई?'

मालकानं माझ्याकडे पाहिलं. लेखिका छापखान्यात येऊन लिहायला बसते, हे त्याला नवीन होतं. मलाही होतं. त्यानं कुरकुर करत कागदाच्या थप्पीवरची एक बाजू मोकळी करून दिली आणि मशीनवाल्याला जेवायला सोडलं. सिस्टरनी पदर खोचला, कोरे कागद ओढून घेतले आणि बराच वेळ काहीच लिहिलं न्हाई. मी शेजारी स्टुलावर बसले होते. मला वाटलं, जमणार न्हाई आता. इतकी वर्षं जे चार वाक्यांत दाबून ठेवलं ते काय एका दुपारी निघतं? म्हणाले, 'सिस्टर, घाई करू नका. पुढच्या आठवड्यात या.'

'न्हाई ताई,' त्या म्हणाल्या. 'घाईच करून राहिले होते मी.'

मग त्यांनी एक ओळ लिहिली. रजिस्टरमध्ये लिहावी तशी, गोल, स्वच्छ अक्षरांत. लिहून झाल्यावर कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला, सकाळपासून मी त्यांच्यापुढे ठेवत होते तसा, बरोबर आहे का बघा म्हणून.

'जीप उशिरा आली हे खरं आहे, पण मी ती बोलावलीच उशिरा.'